अंगठा दाबून हर्निया ओळखण्याच्या फॉरवर्डला उत्तर

फिरत असलेली नोट अशी: "इनग्वायनल हर्निया दोन मिनिटांत! डीप रिंगमधून येतो तो इनडायरेक्ट, सुपरफिशियल रिंगमधून येतो तो डायरेक्ट. डीप रिंगवर अंगठा दाबून खोकायला लावा. बाहेर आला तर डायरेक्ट, नाही आला तर इनडायरेक्ट, विषय संपला. स्क्रोटममध्ये उतरला की इनडायरेक्टच. बायकांमध्ये मात्र फेमोरल सगळ्यात कॉमन."

पहिल्याच वाक्यावर व्हायव्हात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग इनडायरेक्ट बाहेर कुठून पडतो?" तोही सुपरफिशियल रिंगमधूनच पडतो. बाहेरचं दार दोघांचं एकच आहे. फरक आहे तो कॅनालमध्ये शिरण्याच्या जागेत, म्हणून उत्तराची सुरुवात पोस्टिरिअर वॉलपासून करावी.

कॅनाल सुमारे 4 सेंटिमीटर लांब आणि तिरका. मागची भिंत पूर्ण लांबीभर फॅशिया ट्रान्सव्हर्सॅलिसची, आणि मिडियल बाजूला तिच्यापुढे कॉनजॉइंट टेंडनचा आधार. पुढची भिंत पूर्ण लांबीभर एक्स्टर्नल ऑब्लिक अपोन्युरोसिसची, आणि लॅटरल बाजूला तिच्यामागे इंटर्नल ऑब्लिकचे मांसल तंतू. आता दोन्ही भोकं या भिंतींवर ठेवून बघा. डीप रिंग मागच्या भिंतीत, लॅटरल टोकाला. तिच्या बरोबर समोर इंटर्नल ऑब्लिक. सुपरफिशियल रिंग पुढच्या भिंतीत, मिडियल टोकाला. तिच्या पाठीशी कॉनजॉइंट टेंडन. एका भिंतीत भोक आहे तिथे समोरची भिंत जाड आहे. शिवाय खोकताना इंटर्नल ऑब्लिक आणि ट्रान्सव्हर्ससचे कमानदार तंतू आकसून शटरसारखे खाली येतात. थर तोंडपाठ असूनही ही मांडणी सांगता आली नाही, तर थरांचा काही उपयोग नाही.

डीप रिंगच्या मिडियल कडेला लागून इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक आर्टरी वर आणि आतल्या बाजूला चढते. सॅकची मान तिच्या लॅटरल बाजूला असेल तर इनडायरेक्ट, मिडियल बाजूला असेल तर डायरेक्ट. व्याख्या एवढीच. डायरेक्टमध्ये कुठलं तयार भोक वापरलेलं नसतं. ही आर्टरी, रेक्टसची लॅटरल कड आणि इनग्वायनल लिगामेंट यांच्यामधला हेसलबाखचा त्रिकोण, म्हणजे मागची भिंतच, पुढे फुगते.

आवरणं यावरूनच सुचतात, वेगळी पाठ करायची गरज नाही. इनडायरेक्ट सॅक कॉर्डच्याच वाटेने येते, म्हणून तिला कॉर्डची तिन्ही आवरणं मिळतात: इंटर्नल स्पर्मॅटिक, क्रिमॅस्टेरिक आणि एक्स्टर्नल स्पर्मॅटिक फॅशिया. ऑपरेशनमध्ये क्रिमॅस्टर उघडल्यावर ती कॉर्डच्या पुढे आणि लॅटरल बाजूला सापडते. डायरेक्ट सॅक फॅशिया ट्रान्सव्हर्सॅलिसला पुढे ढकलत येते, कॉर्डच्या मागे आणि मिडियल बाजूला राहते, आणि कॉर्डपासून सहज सुटी होते. ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस कॉर्डला एकही आवरण देत नाही, कारण त्याची खालची कड डीप रिंगच्या वरून कमान घेऊन जाते. एक्झामिनरना हा प्रश्न विलक्षण आवडतो.

आता अंगठा. तत्त्व बरोबर आहे, "विषय संपला" चूक आहे. हर्निया आधी पूर्ण आत बसवावा लागतो. बसत नसेल तर टेस्टला अर्थच नाही. मग अँटिरिअर सुपिरिअर इलियाक स्पाइन आणि प्युबिक ट्युबर्कल ही दोन्ही हाडं बोटाने नक्की करायची, त्यांचा मध्य काढायचा आणि त्याच्या सुमारे सव्वा सेंटिमीटर वर दाबायचं. घोळ इथेच होतो. काही जण ट्युबर्कलऐवजी प्युबिक सिम्फिसिसपर्यंत मोजतात. हा दुसरा बिंदू साधारण एक सेंटिमीटर मिडियल पडतो आणि तिथे फेमोरल आर्टरीची नाडी लागते. काही पुस्तकं डीप रिंगही याच बिंदूच्या वर दाखवतात, त्यामुळे व्हायव्हात कुठला मध्य धरला ते आधी सांगून टाकावं. ज्या सीमेवर निदान ठरायचं ती आर्टरी रिंगला चिकटूनच आहे, आणि अंगठा त्या अंतरापेक्षा रुंद आहे.

समजा, साठीचा पुरुष, उजव्या बाजूला दहा वर्षांपासून वाढत गेलेली गाठ, झोपल्यावर आत जाणारी. अंगठा योग्य जागी दाबला, खोकायला सांगितलं, आणि गाठ अंगठ्याच्या मिडियल कडेने बाहेर आली. नोटप्रमाणे हा डायरेक्ट. ऑपरेशनमध्ये मात्र मान एपिगॅस्ट्रिकच्या लॅटरल बाजूला सापडते. झालेलं असं की इतक्या वर्षांच्या सॅकने डीप रिंग ताणून दोन-तीन बोटं रुंद केली, आर्टरी मिडियलला सरकली, आणि अंगठ्याने रिंगचा फक्त लॅटरल भाग झाकला गेला. आणखी एक फसवणूक होते. पँटालून हर्नियात आर्टरीच्या दोन्ही बाजूंना एकेक सॅक असते. एक अडवली तरी दुसरी येते, आणि आपण फक्त डायरेक्ट लिहून मोकळे होतो. म्हणून केस मांडताना "डीप रिंग ऑक्लूजन टेस्टवरून इनडायरेक्ट असावा" इतपतच म्हणावं. खात्री ऑपरेशनमध्ये आर्टरी दिसल्यावर होते. सर्जनचं यावर फारसं अडतही नाही: मोठ्या माणसात मेश दोन्ही जागा झाकूनच बसवली जाते.

स्क्रोटमबद्दल एकच शब्द बदला, "च" काढून "सहसा" घाला. डायरेक्ट सॅक कॉर्डच्या आवरणांबाहेर असल्याने तिला खाली उतरायला तयार नळी नसते. पण जुना, मोठा डायरेक्ट स्क्रोटमपर्यंत गेलेला आढळतो.

शेवटचं वाक्य मला सगळ्यात धोकादायक वाटतं. फेमोरल हर्निया पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त होतो, हे खरं. पण स्त्रियांमध्येही पहिला नंबर इनग्वायनलचाच, त्यातही इनडायरेक्टचा. या दोन विधानांची गल्लत झाली की स्त्रीच्या जांघेतली प्रत्येक गाठ फेमोरल ठरते. ओळखायचं ते लिंगावरून नाही, प्युबिक ट्युबर्कलवरून: मान ट्युबर्कलच्या वर आणि मिडियल असेल तर इनग्वायनल, खाली आणि लॅटरल असेल तर फेमोरल. मानच बघायची. फेमोरलचा फुगवटा मोठा झाला की वर वळून इनग्वायनल लिगामेंटवर चढतो, आणि नुसती गाठ बघणारा फसतो.

आणि फेमोरल निसटला तर महागात पडतं. त्याच्या मानेला पुढे इनग्वायनल लिगामेंट, मागे पेक्टिनिअल लिगामेंट, मिडियलला लॅक्युनर लिगामेंटची धार. तिन्ही न ताणणारी. मऊ बाजू एकच, लॅटरलची फेमोरल व्हेन, आणि तिथे चाकू चालवता येत नाही. म्हणून हा हर्निया लवकर स्ट्रँग्युलेट होतो, आणि मान सोडवताना लॅक्युनर लिगामेंट कापावं लागतं. काही जणांत ऑब्ट्युरेटर आर्टरी इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिकपासून निघते आणि याच लिगामेंटच्या कडेने खाली जाते. अंदाजाने कापलं तर ती तुटते आणि रक्तस्राव खोलवर होतो, म्हणून ती कड बोटाने चाचपून आणि डोळ्यांनी बघूनच कापतात.