पेटीवरचा कॉर्ड आणि खटकणारा ग

«भजनाला कॉर्ड कशाला? तुम्ही सांगितलेला सा-ग-प धरून पाहिला, तर तंबोऱ्याशी सूर भांडतात. शिवाय डाव्या हाताने लय धरा म्हणता, पण डावा हात तर भात्यावर असतो. गिटार डोक्यात ठेवून लिहिलंय असं वाटलं.»

सूर भांडतात हे तुमच्या कानाने बरोबर पकडलंय, आणि त्यात चूक माझी आहे. पेटीचा शुद्ध ग तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गपेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (अर्ध्या सुराचे १०० सेंट). चालीत तो येऊन गेला तर जाणवत नाही, लांब धरला की थरथर ऐकू येते. प मात्र जेमतेम २ सेंट उतरलेला, म्हणून सा-प हवा तेवढा वेळ धरा. ग फक्त टेकवायचा आणि उचलायचा.

कॉर्ड अजिबात नको, हे मात्र मला पटत नाही. भूपातली एखादी साधी चाल घ्या, केरव्यात. गायक ओळ म्हणत असताना बोटं चालीवरच असू द्या. ओळ संपून तो श्वास घेतो त्या रिकाम्या जागेत कॉर्ड. ओळ सावर थांबली तर सा-प. धवर थांबली तर ध-सां-गं चालेल, तिन्ही सूर भूपातलेच, फक्त गं इथेही लगेच सोडायचा. रेवर थांबली की गोची होते. तिथे सवयीने प-नि-रें दाबला जातो आणि भूपात नसलेला नि घुसतो. नि गाळून नुसते प आणि रें धरा. मचा कॉर्ड या चालीत नकोच.

डाव्या हाताबद्दल माझा शब्द चुकला. लय म्हणजे मला भात्याचीच लय म्हणायची होती. भाता उघडताना आतल्या हवापेटीत नवी हवा जात नाही, तेवढा वेळ साठ्यावर निघतो. म्हणून केरव्याच्या पहिल्या तीन मात्रांत सावकाश दाबा, चौथीला चटकन उघडा. पाचवी ते सातवी पुन्हा दाब, आठवीला उघडा. समेला धक्का देण्याचा मोह होतो, तो टाळा. तपासायचं असेल तर तबला थांबवून नुसता सा-प धरा. प्रत्येक दाबाला आवाज फुगत असेल तर हात जड पडतोय, आणि उघडताना तो बसत असेल तर साठा कमी पडतोय.

साठा कमी पडण्याचं एक कारण ड्रोनचे स्टॉपर. एकेक उघडा स्टॉपर सतत हवा खातो, त्यामुळे दोनच्या वर उघडू नका. बहुतेक पेट्यांत हे सूर काळ्या पट्ट्यांचे असतात. गायक काळी एकला असेल तर काळी एक आणि काळी चार उघडा, म्हणजे सा-प आपोआप मिळतो आणि उजवा हात मोकळा राहतो. तो पांढरी चारला गात असेल तर सगळे स्टॉपर बंद करून सा-प बोटांनीच धरावा लागतो, तोही ओळींच्या मधल्या जागेतच.