फिरता वॉटरमार्क खरंच पूर्ण निघतो का?

«कोपऱ्या-कोपऱ्यांत फिरणारा वॉटरमार्क ट्रॅक केला आणि फिल मारलं की खालचं मूळ चित्र जसंच्या तसं परत येतं.»

नाही. फिल म्हणजे आफ्टर इफेक्ट्समधलं, चित्रातली रिकामी जागा भरणारं साधन. वॉटरमार्कखालचं चित्र ते शोधून काढत नाही. तो भाग ज्या फ्रेममध्ये उघडा आहे, तिथून ते उचललं जातं. नाहीतर अंदाजाने रंगवलं जातं.

ट्रायल अ‍ॅपमधून निघालेलं आपलंच चित्रीकरण घ्या: मालवणच्या किनाऱ्यावरून, ट्रायपॉडवर टिपलेला सिंधुदुर्ग. वॉटरमार्क वरच्या कोपऱ्यातून खाली सरकतो. आफ्टर इफेक्ट्समध्ये त्याच्याभोवती थोडा सैल मास्क काढून तो `Subtract` करायचा. अर्धपारदर्शक अक्षरांवर ट्रॅकर बहुधा मागच्या लाटांनाच चिकटतो. वॉटरमार्क सरळ रेषेत, एकाच वेगाने सरकत असेल, तर ट्रॅकर सोडा. सुरुवातीला आणि शेवटी एकेक कीफ्रेम द्या, मास्क आपोआप बरोबर चालतो. उडी मारत असेल तर प्रत्येक थांब्यासाठी वेगळा तुकडा.

त्याने पडलेल्या रिकाम्या जागेवर मग `Content-Aware Fill`, म्हणजे तेच फिल. तटबंदी हलत नाही, त्यामुळे वॉटरमार्क पुढे सरकल्यावर दिसणारा खरा दगड आधीच्या फ्रेममध्ये लावता येतो. तिथे काम झकास होतं. लाट मात्र पुन्हा तशीच येत नाही, म्हणून फेसाच्या जागी गुळगुळीत डाग वळवळतो. थांबलेल्या फ्रेमवर तो लपतो. पूर्ण आकारात, नेहमीच्या वेगाने चालवून पाहा. मला विचाराल तर तो कोपरा कापलेलाच बरा.

दुसऱ्याच्या व्हिडिओवर हे करू नका. मालकीची खूण जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ब खाली गुन्हा आहे. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड.