एकदाच आलेला पैसा बाजारात फारसा का दिसत नाही

दिवाळी जवळ आली की बोनस, थकबाकी, अग्रिम यांचे कोटींचे आकडे छापून येतात आणि सोबत एक ठरलेलं वाक्य असतं: आता बाजारपेठेत चैतन्य येणार. मी पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवते, आणि हे वाक्य मला दरवर्षी खटकतं. पैसा हातात आला म्हणजे तो खर्च होणारच, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. पगारदार घरात तसं सहसा होत नाही. त्यामागे कंजूषपणा नसतो, सरळ हिशेब असतो.

हा हिशेब पन्नासच्या दशकात दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी मांडला. फ्रँको मोदिग्लियानी यांनी रिचर्ड ब्रुमबर्ग यांच्यासोबत जीवनचक्राचा विचार मांडला: माणूस कमावत्या वर्षांत साठवतो आणि म्हातारपणी ते मोडून खातो, म्हणजे खर्च आयुष्यभराच्या कमाईवर बेतलेला असतो. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये स्थायी उत्पन्नाची कल्पना मांडली: घरखर्च कायम टिकेल असं वाटणाऱ्या उत्पन्नावर ठरतो, आणि अधूनमधून होणाऱ्या चढउताराचा भार शिलकीवर जातो.

आकडे घालून पाहू. चाळिशीतल्या एका कर्मचाऱ्याला एक लाख रुपये थकबाकी मिळाली. साठाव्या वर्षी निवृत्ती आणि ऐंशीपर्यंत घर चालवायचं, असं धरू. व्याज सोडून दिलं तर लाखाला चाळीसने भागून वर्षाला २,५०० रुपये होतात, महिन्याला जेमतेम दोनशे. महागाई वजा जाता तीन टक्के व्याज धरलं तरी महिन्याला साधारण ३६० रुपये. आता त्याच माणसाचा पगारच वर्षाला एक लाखाने वाढला असं समजा. वीस वर्षांचे वीस लाख चाळीस वर्षांवर पसरले, तर व्याज न धरताही वर्षाला पन्नास हजारांनी राहणीमान उंचावता येतं. पहिल्या वर्षीच्या पासबुकात दोन्ही वेळा वाढ लाखाचीच दिसते, पण झेपणारा खर्च वीस पटींनी वेगळा. कोणी कागदावर असा भागाकार करत बसत नाही. तरीही थकबाकी आली की माणूस गृहकर्जात थोडे भरतो, एफडी करतो, मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवतो. परिणाम जवळपास तोच होतो.

सरकारलाही हे ठाऊक असतं, आणि याचा सर्वांत चांगला दाखला मला १२ ऑक्टोबर २०२० च्या घोषणेत दिसतो. टाळेबंदीनंतर मागणी वाढवण्यासाठी केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी दोन योजना आणल्या. नुसते पैसे दिले तर ते बँकेतच पडून राहतील ही धास्ती त्यांच्या प्रत्येक अटीत दिसते. एलटीसी, म्हणजे रजेत प्रवास करण्यासाठी मिळणारी भाड्याची सवलत, तिच्या बदल्यात रोख मिळणार होती, पण प्रवासभाड्याच्या तिप्पट रक्कम खर्च करायची, तीही १२ टक्के किंवा जास्त जीएसटी असलेल्या वस्तू-सेवांवर, नोंदणीकृत विक्रेत्याकडून, डिजिटल पद्धतीने आणि ३१ मार्च २०२१ च्या आत. रेल्वेभाडं लागू असलेल्यांना माणशी ६,००० रुपये धरले होते. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला २४,००० मिळवायला ७२,००० ची खरेदी दाखवायची.

अट पाळली गेली म्हणून मागणी वाढली असं होतं का? ज्या घरात मे महिन्यात फ्रिज घ्यायचा होता, त्यांनी तो फेब्रुवारीत घेतला आणि बिल जोडलं. मार्चपर्यंतची विक्री वाढलेली दिसते, मेमधली तेवढीच घटते. खरी वाढ किती हे पाहायचं असेल तर मुदत संपल्यानंतरचे महिनेही मोजावे लागतात.

दुसरी योजना सणासाठी १०,००० रुपयांच्या बिनव्याजी अग्रिमाची होती. रक्कम रुपे कार्डावर मिळायची आणि जास्तीत जास्त दहा हप्त्यांत परत कापली जायची. ज्याच्या खात्यात आधीच शिल्लक आहे, त्याचा यात फायदा किती? सात टक्के व्याज धरलं तर दहा महिन्यांत वाचतात तीनशे-सव्वातीनशे रुपये. आयुष्याच्या कमाईत तेवढीच भर.

आणि हे सगळं कधी? त्याच वर्षी एप्रिलमध्ये महागाई भत्त्याची वाढ गोठवली होती. जानेवारी २०२० पासूनचे तीन हप्ते थांबले. जुलै २०२१ मध्ये भत्ता १७ वरून २८ टक्के झाला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी मिळाली नाही. ज्या पगारवाढीवर घरं विसंबून असतात तीच अडकलेली असताना एकदाच मिळणाऱ्या सवलतीने माणूस हात सैल सोडेल, ही अपेक्षा मला तेव्हाही चुकीची वाटली होती आणि आजही वाटते.

यावर विद्यार्थी हमखास विचारतात: मॅडम, बोनसमध्ये लोक टीव्ही घेतातच की! घेतात. पण दहा वर्षं चालणारा टीव्ही घेतला म्हणजे त्या वर्षी सगळा उपभोगला असं नाही. टिकाऊ वस्तूत पैसा घालणं हीसुद्धा बरीचशी साठवणच आहे. दुकानदाराच्या लेखी ती विक्री असते, आणि सिद्धान्त बोलतो तो उपभोगाबद्दल.

या विचाराची सर्वांत स्वच्छ परीक्षा पगारदारांवर नाही, शेतकऱ्यांवर झाली, कारण एखाद्या वर्षीचा जास्तीचा पाऊस ही निखळ तात्पुरती गोष्ट असते. क्रिस्टिना पॅक्सन यांनी १९९२ मध्ये थायलंडच्या भातशेतकऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पावसामुळे वाढलेल्या उत्पन्नातला साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग शिलकीत गेला होता. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कानझरा ही गावं १९७५ पासून इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासात होती. तिथल्या आकडेवारीवरून रोझेन्झवाइग आणि वोल्पिन यांनी दाखवलं की चांगल्या वर्षी घरात बैल येतो आणि वाईट वर्षी तो विकला जातो. त्या कोरडवाहू घरांची शिल्लक गोठ्यात होती. पण बैल गेला की पुढच्या हंगामाची नांगरटही अडते, म्हणून ही साठवण फार महागात पडायची.

सिद्धान्ताची मर्यादाही इथेच कळते. आज कमी खर्च करून उद्यासाठी ठेवायचं किंवा उद्याच्या भरवशावर आज उसनं घ्यायचं, तर हाताशी शिल्लक किंवा रास्त व्याजाचं कर्ज लागतं. ज्या घरात दोन्ही नाही, तिथे दुकानाची उधारी, थांबलेलं औषध, न भरलेली फी वाट पाहत असते. तिथे आलेला तात्पुरता रुपयाही लगेच बाहेर पडतो, आणि त्या घराने तसंच वागणं शहाणपणाचं असतं.

म्हणून त्या वर्षीच्या पॅकेजबद्दल माझं मत आजही ठाम आहे. एप्रिल ते जून २०२० मध्ये महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये जमा झाले, तीन महिने, आणि मग थांबले. मागणीच वाढवायची होती तर ही रक्कम वाढवून दिवाळीपर्यंत चालू ठेवायला हवी होती. तो पैसा तेल, डाळ, औषधांत त्याच महिन्यात गेला असता. त्यासाठी ना तिप्पट खरेदीची अट लागली असती, ना ३१ मार्चची मुदत.