कलम नाही, कृत्य: फरार आरोपी आणि त्याला आणायचे दोन नियम

वाचकाची प्रतिक्रिया: "भाऊ, लेख वाचला. नागपूरच्या ठेवीदारांचा पैसा बुडवून माणूस लंडनला जाऊन बसतो, आपल्याकडे वॉरंट तयार आहे, आणि तुम्ही सांगता की तिकडच्या कायद्यातही तो गुन्हा असला पाहिजे, वर आणल्यावर फक्त ठरलेल्याच गुन्ह्यांचा खटला चालवायचा. हे नियम चोराच्या सोयीचेच नाहीत का? चोर आपला, पोलीस आपले, त्यांच्या अटी आपण का मानायच्या? लेख वाचून वाटतं तुम्ही आरोपीचीच वकिली करता."

---

भाऊ, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं. चोर आपला असला तरी लंडनमध्ये त्याच्या दारावर थाप मारायला नागपूरचा पोलीस जाऊ शकत नाही. अटक तिथले पोलीस करतात आणि तीही तिथल्या न्यायाधीशाच्या वॉरंटवर. आणि अट एकतर्फी नाही. आपल्याच १९६२ च्या प्रत्यर्पण कायद्याचं कलम ३१ काढून बघा. परत नेलेल्या माणसावर दुसऱ्याच जुन्या गुन्ह्याचा खटला चालणार नाही, अशी तरतूद मागणाऱ्या देशाच्या कायद्यात किंवा करारात नसेल, तर भारतही त्याला सोपवत नाही. संसदेने जे इतरांकडून मागितलं, तेच इतर आपल्याकडून मागतात.

आता मुख्य मुद्दा. मागच्या लेखात मी "दोन्ही देशांत गुन्हा हवा" एवढंच लिहून पुढे गेलो, त्यातून गैरसमज झाला असेल. तपासणी कलमाची होत नाही, कृत्याची होते. एक कल्पित प्रकरण घेऊ.

समजा इतवारीतल्या एका फायनान्सवाल्याने २०१९ पासून ठेवी घेतल्या. दरमहा दोन टक्के व्याज, म्हणजे वर्षाला चोवीस. माहितीपत्रकात छापलं की पैसा सोनं तारण ठेवून कर्जाऊ दिला जातो आणि हिंगण्याला कंपनीच्या नावावर जमीन आहे. प्रत्यक्षात ना सोनं होतं ना जमीन. नव्या ठेवीतून जुन्यांचं व्याज जात होतं. २०२२ मध्ये चेक परत यायला लागले आणि गडी लंडनला निघून गेला. आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला: भादंवि ४२० आणि ४०९, ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या १९९९ च्या महाराष्ट्र कायद्याचं (एमपीआयडी) कलम ३. शिवाय चेक न वटल्याच्या कलम १३८ च्या तक्रारी ठेवीदारांनी न्यायालयात ढिगाने केल्या.

कागद लंडनला पोहोचल्यावर वेस्टमिन्स्टरच्या मॅजिस्ट्रेटसमोर पहिला प्रश्न असा असतो: हीच कृती इंग्लंडमध्ये घडली असती, तर ती तिथे बारा महिने किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा ठरली असती का? तिथल्या २००३ च्या कायद्याचं कलम १३७ हेच विचारतं. आपल्या कलमाचं नाव काय, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

या फूटपट्टीने एकेक कलम मोजा. १३८ लगेच बाहेर पडतं, कारण खात्यात पैसे नसल्याने चेक परत जाणं हा इंग्लंडमध्ये स्वतःहून फौजदारी गुन्हा नाही. पण पैसे येणार नाहीत हे माहीत असताना ठेवीदाराला शांत करायला दिलेला चेक ही खोटी बतावणी होऊ शकते, आणि खोट्या बतावणीने केलेली फसवणूक हा तिथे २००६ च्या फ्रॉड अॅक्टखाली दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. चेक तोच. फरक पडतो तो प्रतिज्ञापत्रात "चेक अनादरित झाला" एवढंच लिहिलं, की "त्या दिवशी खात्यात अमुक शिल्लक होती, पुढच्या महिन्यात काहीही जमा होणार नव्हतं आणि हे आरोपीला हिशेबाच्या वहीवरून ठाऊक होतं" असं लिहिलं, यावर.

खरी खोच एमपीआयडीच्या कलम ३ मध्ये आहे आणि इथे आपल्याकडचे भलेभले घसरतात. त्या कलमाला एक स्पष्टीकरण जोडलंय. ठेव घेताना दिलेलं आश्वासन व्यवहारात न परवडणारं होतं आणि त्यामुळे पैसे परत करता आले नाहीत, तर ती चूक कपटाने केली असं कायद्याने *मानलं* जातं. इथल्या विशेष न्यायालयात हे मानणं फार उपयोगी पडतं. लंडनच्या न्यायाधीशापुढे ते लटकं पडतं, कारण तिकडे अप्रामाणिकपणा मानून चालत नाही, तो कृतीतून दिसावा लागतो. "चोवीस टक्के देणं शक्यच नव्हतं" एवढ्यावर अर्ज उभा केला, तर बचावाचा वकील म्हणणार की माझा अशील मूर्ख व्यापारी आहे, ठग नाही. धंदा बुडणं हा तिथेही गुन्हा नाही, इथेही नसावा.

म्हणून अर्जात माहितीपत्रकाची ती ओळ पुढे आणायची. "हिंगण्याला कंपनीची जमीन" हे विधान, ते छापल्याची तारीख, त्या तारखेचा सातबारा आणि त्यावर भलत्याच माणसाचं नाव. मग त्या तारखेनंतर त्याच माहितीपत्रकावर विश्वासून ठेव ठेवलेल्या पाच-सात जणांचे जबाब. विधान खोटं होतं, ते त्याला माहीत होतं, त्यावर विसंबून पैसे आले, या तीन कड्या जुळल्या की कृत्य इंग्लिश कायद्यातही फसवणूकच ठरतं. जबाब मात्र प्रत्येकाचे स्वतःच्या शब्दांत हवेत. एकच मजकूर कार्बन कॉपीसारखा पन्नास जबाबांत आला, तर बचावाला आयता दारूगोळा मिळतो. भारतासारख्या देशाच्या अर्जात प्रथमदर्शनी पुरावा आहे का हेही तिथला न्यायाधीश पाहतो. शेकडो ठेवीदारांच्या पावत्यांचा गठ्ठा पाठवून हे काम होत नाही, ते नीट रचलेल्या थोड्या कागदांवर होतं.

अमेरिकेलाही याच नियमाचा फटका बसला आहे. एका ब्रिटिश कंपनीचे माजी प्रमुख इयान नॉरिस यांना किमती संगनमताने ठरवल्याबद्दल अमेरिकेला हवं होतं. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या वेळच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, २००८ मध्ये सांगितलं की ज्या काळातलं हे कृत्य आहे त्या काळात नुसतं किमती ठरवणं ब्रिटनमध्ये गुन्हा नव्हतं. तो आरोप गेला. पण तपासात अडथळा आणल्याचा आरोप दोन्हीकडे गुन्हा होता, म्हणून २०१० मध्ये त्यांना त्यावरच नेण्यात आलं आणि त्यातच शिक्षा झाली. आरोप गळाला तरी माणूस हाती लागला, हे तुमच्यासाठी लक्षात घेण्यासारखं.

आता दुसरा नियम, ज्याला विशिष्टतेचा नियम म्हणतात. आपला इतवारीवाला ४२० आणि ४०९ वर नागपूरला आला असं धरा. त्यानंतर दोन गोष्टी निघाल्या. वर्ध्यात वेगळ्या ठेवीदारांचा वेगळा गुन्हा नोंद झाला, आणि एका जुन्या भागीदारावर हल्ला घडवून आणल्याचा पुरावा सापडला. दोन्ही गोष्टी तो पळण्याआधीच्या, पण अर्जात त्यातलं काहीच नव्हतं.

आपल्या प्रत्यर्पण कायद्याचं कलम २१ इथे तीन दारं उघडी ठेवतं. ज्या गुन्ह्यासाठी आणला तो. अर्ज मंजूर करून घेताना सिद्ध झालेल्या तथ्यांतूनच दिसणारा एखादा कमी शिक्षेचा गुन्हा. किंवा ज्याला पाठवणाऱ्या देशाने संमती दिली तो. हल्ल्याचा गुन्हा पहिल्या दोन दारांतून येत नाही, कारण फसवणुकीच्या तथ्यांत तो नव्हताच. वर्ध्याचं प्रकरण त्याच माहितीपत्रकावर उभं असलं तरी त्या ठेवीदारांची तथ्यं लंडनपुढे कधी मांडलीच नव्हती, म्हणून तिथेही पहिल्या दोन दारांवर विसंबणं धोक्याचं. दोन्हींसाठी तिसऱ्या दाराशी जायचं. वर्ध्याचे पोलीस कागद तयार करतात, ते राज्याच्या गृह विभागाकडून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे, तिथून परराष्ट्र मंत्रालयामार्फत ब्रिटनला. तिथेही दुहेरी गुन्ह्याची तीच फूटपट्टी पुन्हा लागते. तोवर या दोन गुन्ह्यांचा खटला थांबलेला.

संमती न घेता पुढे गेलो तर काय होतं याचं उदाहरण अबू सालेमचं आहे. पोर्तुगालने त्याला नोव्हेंबर २००५ मध्ये सोपवलं. फाशी नाही आणि पंचवीस वर्षांहून जास्त कैद नाही, ही हमी भारताने २००२ मध्येच दिली होती. आपल्याकडे त्याच्यावर मंजुरीबाहेरचेही आरोप ठेवले गेले. २०११ मध्ये लिस्बनच्या अपील न्यायालयाने प्रत्यर्पणाची मंजुरीच रद्द ठरवली. अखेर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ते वाढीव आरोप मागे घ्यावे लागले. मूळ खटल्यांत त्याला जन्मठेप झाली, पण २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पंचवीस वर्षं भरल्यावर सरकारने दिलेला शब्द पाळण्यासाठी पावलं उचलायची. माणूस परत पाठवावा लागला नाही हे खरं. पण काही वर्षं आपण दुसऱ्या देशाच्या न्यायालयात आपल्याच अर्जाचा बचाव करत होतो, आणि हे सगळं गुन्ह्यांची यादी आधी नीट केली नाही म्हणून.

तुम्हाला हे नियम आरोपीची ढाल वाटतात. माझं मत उलट आहे. ढाल बहुतेक वेळा आपणच त्याच्या हातात देतो, घाईघाईत अर्धवट अर्ज पाठवून. अर्ज जाण्याआधी राज्यभरातले सगळे गुन्हे एकत्र करायला दोन-तीन महिने लागतात आणि तेवढा धीर कुणाला नसतो, कारण वर्तमानपत्रात "अर्ज पाठवला" ही बातमी द्यायची असते.

तुम्ही स्वतः ठेवीदार असाल तर दोन गोष्टी सांगतो. माणूस आला म्हणून पैसा येत नाही. पैशाचा रस्ता एमपीआयडीखालच्या मालमत्ता जप्तीतून जातो, आणि त्यासाठी आरोपी लंडनमधून येईपर्यंत थांबायची गरज नाही. दुसरं, वर्धा, अमरावती, चंद्रपूर, कुठल्याही गावचे ठेवीदार ओळखीचे असतील तर अर्ज दिल्लीला जाण्याआधी त्यांना आर्थिक गुन्हे शाखेत जायला सांगा. पावतीची मूळ प्रत न्यायची, आणि ठेव ठेवताना हातात दिलेलं ते माहितीपत्रक, तारखेसकट. पावतीपेक्षा तो कागद जास्त मोलाचा आहे, आणि लोक नेमका तोच रद्दीत घालतात.