काल्पनिक कराचा खरा हप्ता

स्टुटगार्टला दोन वर्षांसाठी पाठवणार असल्याचे साहेबांनी ऐरोलीच्या ऑफिसात तोंडी सांगितले तेव्हा सारे प्रकरण एका वाक्यात उरकले होते. नंतर मेलवर जे असाइनमेंट लेटर आले ते मात्र परिशिष्टांसकट चांगले जाडजूड होते, आणि पहिल्याच पानावर अशी सूचना होती की मूळ पत्र व परिशिष्ट यांत विसंगती आढळल्यास परिशिष्ट ग्राह्य धरले जाईल. अभिनंदन मूळ पत्रात होते. परिशिष्टात त्याचा कुठेही उल्लेख नव्हता.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरी हे पत्र वाचण्याचा अधिकार आपोआपच सासऱ्यांकडे गेला, कारण ते आयकर खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि हौसिंग सोसायटीचे सर्क्युलरसुद्धा लाल पेन हातात घेतल्याशिवाय वाचत नाहीत. भत्त्यांची पाने त्यांनी झरझर उलटली. घरभाडे कंपनी परस्पर भरणार होती. राहणीमानाच्या खर्चाचा भत्ता निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी वरखाली होणार होता, म्हणजे युरो स्वस्त झाला की मी आनंदाने कमी भत्ता घ्यायचा होता. पेन थांबले ते कराच्या परिशिष्टावर.

तिथे लिहिले होते की माझ्या 36 लाखांच्या भारतीय पगारातून दरमहा 55,250 रुपये ‘हायपो टॅक्स’ म्हणून कापले जातील. मी भारतातच राहिलो असतो तर जेवढा आयकर भरला असता, तेवढी ही रक्कम. भारतात आणि जर्मनीत प्रत्यक्षात जो कर बसेल तो सगळा कंपनी भरणार. परदेशी गेल्यामुळे कराच्या बाबतीत कर्मचाऱ्याचे नुकसानही होऊ नये आणि फायदाही होऊ नये, अशी ही टॅक्स इक्वलायझेशनची योजना. तिच्या पहिल्या अर्ध्या भागाबद्दल आमच्या घरात कोणाचीच तक्रार नव्हती.

“हा पैसा सरकारी तिजोरीत जात नाही?” सासऱ्यांनी विचारले.

“नाही. कंपनीच्याच खात्यात राहतो. त्यातून आणि स्वतःची भर घालून कंपनी तिकडचा कर भरते.”

“मग हा कर कसला? ही वर्गणी झाली. फक्त पावती फाडायला दारात कोणी येत नाही, एवढेच.”

तरीही खात्याची जुनी सवय सुटत नसल्याने त्यांनी कागद ओढला आणि हिशेब मांडला. नव्या करप्रणालीत 36 लाखांतून 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले 35 लाख 25 हजार. पहिल्या 24 लाखांवर टप्प्याटप्प्याने तीन लाख कर, वरच्या 11 लाख 25 हजारांवर 30 टक्क्यांनी 3,37,500, आणि एकूण रकमेवर चार टक्के सेस धरून 6,63,000. बाराने भागले तर बरोबर 55,250. गृहकर्जाचे व्याज धरून जुन्या प्रणालीने काही कमी होते का तेही त्यांनी पाहिले, तर कर उलट वाढला. चूक न सापडल्याचे दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. शेवटी त्यांनी एकच मुद्दा काढला आणि तो अगदी रास्त होता: हायपो टॅक्सच्या आकड्यात घरभाडे आणि इतर परदेशी भत्ते तर मिसळलेले नाहीत ना? भारतात राहिलो असतो तर ते मिळालेच नसते, तेव्हा त्यांच्यावर काल्पनिक करसुद्धा बसता कामा नये. ते मिसळलेले नव्हते. लाल पेनाने नाइलाजाने बरोबरची खूण केली.

या व्यवस्थेत कंपनीला नेमके काय पडते हे कळल्यावर माझी कुरकुर थोडी कमी झाली. कंपनीने माझे भाडे भरले की ते जर्मनीत माझे उत्पन्न धरले जाते, म्हणून त्यावर कर. तो कर कंपनीने भरला की तोही माझेच उत्पन्न, म्हणून त्या करावर पुन्हा कर. समजा दर 40 टक्के धरला, तर मला 100 युरोंचा लाभ पोचवण्यासाठी कंपनीला जवळजवळ 167 युरो मोजावे लागतात. त्यामुळे जर्मन आयकर खात्याकडून परतावा निघालाच, तर तो माझ्या नावाने माझ्या बँक खात्यात जमा होईल आणि मी तो 30 दिवसांत कंपनीला द्यावा, या कलमाविरुद्ध बोलण्यासारखे काही उरले नाही. फक्त बायकोला ते पटवताना माझा आवाज जरा खाली आला. तिच्या मते नवऱ्याच्या खात्यात आलेला पैसा परत जातो ही घटना एकाच दिशेने घडू शकते, आणि ती दिशा स्टुटगार्टची नाही.

खरा वाद झाला तो रुजू होण्याच्या तारखेवरून. पत्रात 8 सप्टेंबर 2025 होती, म्हणजे अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून दुसऱ्या दिवशी विमानात बसायचे. आईचे म्हणणे असे की दसरा 2 ऑक्टोबरला आहे, सीमोल्लंघन करायचे तर दसऱ्याला करावे, इतकी घाई कसली? घाई आयकर कायद्याची होती. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात 182 किंवा अधिक दिवस भारतात राहिला, तर तो कराच्या दृष्टीने रहिवासी ठरतो आणि त्याचे परदेशातले उत्पन्नही इथल्या विवरणपत्रात येते. 1 एप्रिलपासून मोजले तर 182 वा दिवस 29 सप्टेंबरला उगवतो. दसऱ्याच्या शुभमुहूर्तावर निघालो असतो तर कंपनीला दोन देशांचे विवरणपत्र, जर्मनीत भरलेल्या कराची सवलत मागणारा फॉर्म 67 आणि सल्लागाराचे वाढीव बिल, एवढे सोने लुटावे लागले असते.

म्हणूनच तळाशी बारीक अक्षरांत असेही होते की वैयक्तिक कारणासाठी भारतात जास्त राहिल्यामुळे वाढणारा कर कर्मचारी स्वतः सोसेल. 7 सप्टेंबरपर्यंत माझे 160 दिवस भरत होते. मार्चअखेरपर्यंत 21 दिवस शिल्लक, आणि निघण्या-पोचण्याचे दिवसही त्यातच धरणे सुरक्षित. डिसेंबरात माझ्या मेव्हण्याचे लग्न आहे. हळद, लग्न, सत्यनारायण आणि मांडवपरतणे यांचे वेळापत्रक या 21 दिवसांत बसवण्याचे काम अर्थातच सासऱ्यांनी अंगावर घेतले असून ते त्यात कमालीचे रमले आहेत.

परतीचे कलम सर्वांत शेवटी होते आणि सर्वांत आखूड. भत्ते कोणत्या दिवशी बंद होतील, परतल्यावर 12 महिन्यांत राजीनामा दिला तर स्थलांतराचा खर्च कोणत्या प्रमाणात वसूल होईल, आणि जर्मनीतल्या कामाचा बोनस परतल्यानंतर मिळाला तर त्यावर तिकडचा कर व इकडचा हायपो टॅक्स कसा लागेल, हे सगळे नि:संदिग्ध होते. मी परतल्यावर कुठे बसेन याबद्दल मात्र एवढेच होते की त्या वेळी उपलब्ध असलेल्या सुयोग्य पदावर सामावून घेण्याचा कंपनी यथाशक्ती प्रयत्न करील.

“यथाशक्ती हा शब्द आम्ही थकबाकीदाराकडून कधी मान्य केला नाही,” सासरे म्हणाले.

मी एचआरला नम्र मेल केला की निदान ‘सध्याच्या ग्रेडपेक्षा खालच्या नव्हे’ एवढे शब्द घालावेत. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितले की पॉलिसीत तशी तरतूद नाही, परंतु परतीच्या सामानाची मर्यादा 250 किलोवरून 300 किलो करता येईल. मी म्हटले, तेवढे तरी परिशिष्टात घाला; मूळ पत्रात नको.