खडखडणारं शॉवरचं दार: चाकं बदला, दार नको

“बाथरूमचं सरकतं काचेचं दार खडखडायला लागलं आणि खालून पाणी यायला लागलं, की ते दार संपलं समजा. त्याची सुटी चाकं कुठे मिळत नाहीत. नवीन दार बसेपर्यंत चाकांवर खोबरेल तेल सोडा आणि खालची फट आतून-बाहेरून सिलिकॉनने भरून टाका. काच टफन असते, त्यामुळे फुटायची भीती नाही.”

काचेची आणि ॲल्युमिनियमची कामं करतो, म्हणून याला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं. या सल्ल्यापायी लोकांनी चांगली दारं भंगारात काढलेली मी पाहिली आहेत. त्यातला शेवटचा मुद्दा तर सरळसरळ धोक्याचा आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. खडखड आणि गळती या बहुतेक वेळा दोन वेगळ्या तक्रारी नसतातच. चाक झिजतं, दार एका बाजूने खचतं, आणि त्याच खचण्यातून आवाजही येतो आणि फटही पडते. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सर्रास दिसणारं दार घ्या: एक काच पक्की, दुसरी सरकती, वरखाली ॲल्युमिनियमची पट्टी, सरकत्या काचेला वर दोन आणि खाली दोन चाकं. काच साधारण ६५० मिमी रुंद आणि १८०० मिमी उंच धरू. दार ज्या बाजूला बंद होतं, त्या बाजूचं वरचं चाक झिजून ती बाजू फक्त २ मिमी खाली आली, तर अख्खी काच तिरकी होते. वरचं टोक भिंतीला टेकतं आणि खालचं टोक भिंतीपासून साडेपाच मिमी सुटतं. पाणी तिथूनच बाहेर येतं. तिथे कितीही महागडी रबरी पट्टी लावा, काच तिरकी आहे तोवर ती पट्टी पुरी पडणार नाही. म्हणून आधी चाकं आणि मग पट्टी, हा क्रम सोडायचा नाही.

आता सुट्या चाकांचं. पुण्यात ती मिळतात. रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरची दुकानं पालथी घाला, किंवा तुमच्या भागात काचेचं फिटिंग विकणाऱ्याकडे जा. लोक रिकाम्या हाताने परत येतात, कारण ते मोबाइलवर फोटो दाखवतात. फोटोत २३ मिमीचं आणि २५ मिमीचं चाक सारखंच दिसतं. जुनं चाक काढून सोबत न्यायचं आणि चार मापं लिहून न्यायची: चाकाचा बाहेरचा व्यास, काचेतल्या भोकाचा व्यास, जोडचाक असेल तर दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर, आणि काचेची जाडी, जी अशा दारांत बहुधा ५, ६ किंवा ८ मिमी असते. चाकाचा काठ सपाट आहे की मधे खोलगट, हेही बघा, कारण पट्टीवर बसणारा भाग तोच असतो. एक चाक झिजलं असलं तरी संच पूर्ण घ्या. जुन्या झिजलेल्या चाकांच्या जोडीला एकच नवं घातलं, तर दार पुन्हा तिरकंच बसतं.

पण चाकच बिघडलंय हे कशावरून? दार हळूहळू सरकवा आणि कान द्या. २५ मिमीच्या चाकाचा घेर जेमतेम ८ सेंटिमीटर असतो. ठोका दर ८ सेंटिमीटरला ऐकू आला, तर चाक एका बाजूने चपटं झालंय. ठोका नेहमी एकाच जागी येत असेल, तर चाक निर्दोष आहे, त्या जागी पट्टीत खडा, क्षार किंवा पोचा आहे. सतत वाळू घासल्यासारखा आवाज म्हणजे आतलं बेअरिंग गेलंय. आणि दार सरकवताना गप्प पण खालून धरून आत-बाहेर हलवलं की खडखडतं, तर खालची स्प्रिंगची चाकं सैल किंवा तुटलेली आहेत. एवढं तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

तेलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: खोबरेल नको, शिवणयंत्राचं नको, गंज सोडवायचा स्प्रेही नको. तेलावर साबणाचा फेस आणि केस चिकटतात, त्याचा काळा चिखल होतो आणि तोच चाकाला झिजवतो. आवाज दोन दिवस थांबतो आणि मग दुप्पट होऊन येतो. वाघोली, उंड्रीसारख्या भागांत, जिथे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं, तिथे पट्टीत क्षारांचा पांढरा थर साचतो. तो तेलाने सुटत नाही. पांढरं व्हिनेगर कोमट पाण्यात निम्मं-निम्मं करून जुन्या टूथब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा, बाथरूममध्ये संगमरवर असेल तर मात्र व्हिनेगर त्यावर सांडू देऊ नका. फरशीसाठी आणलेलं ॲसिड या दारापासून लांबच ठेवा. त्याच्या नुसत्या वाफेनेही स्टीलचं बेअरिंग गंजतं, आणि वर्षभरात गेलेल्या चाकांमागे मला बरेचदा हेच कारण दिसतं. वंगण हवंच असेल तर कोरड्या, स्वच्छ पट्टीवर सिलिकॉनचा स्प्रे हलकासा मारा.

सिलिकॉनच्या नळीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण जास्त नुकसान तिथेच होतं. खालच्या ॲल्युमिनियम पट्टीला आतल्या बाजूला बारीक भोकं किंवा खाचा असतात. काचेवरून ओघळलेलं पाणी पट्टीत येतं आणि त्या भोकांतून परत आत, नहाणीकडे जातं. म्हणजे पट्टीत पाणी येणं हा दोष नाही, तिची रचनाच तशी आहे. आतून सिलिकॉन भरलं की ही भोकं बंद होतात, पट्टी काठोकाठ भरते आणि पाणी बाहेरच्या बाजूने सांडायला लागतं. गळती थांबवायला केलेल्या उपायानेच गळती सुरू होते. सिलिकॉन लावायचं ते फक्त बाहेरून: खालची पट्टी आणि फरशी यांच्या सांध्यात, आणि उभी पट्टी आणि भिंत यांच्या सांध्यात. नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही, म्हणून जुनं ब्लेडने मुळापासून काढा, जागा पूर्ण कोरडी करा, बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन वापरा आणि २४ तास तिथे आंघोळ करू नका.

वाघोलीत एका काकूंकडे गेलो, तेव्हा हे सगळं एकाच दारात सापडलं. “अहो दादा, बदलूनच टाकू का? सगळे तेच म्हणतायत,” त्या म्हणाल्या. मी बाहेरची फरशी पुसून कोरडी केली, पट्टीच्या कडेने वर्तमानपत्राच्या पट्ट्या पसरल्या आणि तपासणी खालून वर सुरू केली. आधी आतल्या फरशीवर, दारापासून हातभर लांब, दोन तांबे पाणी ओतलं. कागद कोरडा राहिला, म्हणजे उतार नहाणीकडेच होता. मग हँड शॉवर सरकत्या काचेच्या खालच्या भागावर धरला, तेव्हा भिंतीकडचा कोपरा भिजला. शेवटी जिथे दोन काचा एकमेकींवर येतात, तिथे वरून पाणी सोडलं. थोड्या वेळाने खाली, त्या जोडाच्या पायाशी, दुसरा डाग उमटला. हे नेहमी निसटतं. दोन काचांमधली उभी पट्टी कडक होऊन वाकलेली असते, पाणी तिच्यामागून उतरतं आणि आपल्याला वाटतं खालून येतंय.

दार काढायच्या आधी नहाणीच्या जाळीवर फडकं टाकलं, म्हणजे स्क्रू आत पडत नाही. खालच्या चाकांची बटणं दाबून ती पट्टीतून सोडवली, काच खालून आपल्याकडे ओढली, मग वर उचलून वरच्या पट्टीतून काढली. हे दोघांचंच काम आहे: ६ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला १५ किलो असतं, म्हणजे एवढं दार सतरा-अठरा किलोचं होतं, आणि ओल्या हातांत ते निसटतं. चाकं बसवताना काचेच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे वॉशर आलेच पाहिजेत. लोखंड काचेला थेट टेकता कामा नये. नट हाताने घट्ट करून पान्याने फक्त पाव फेरा दिला.

वरच्या नव्या चाकांचा आस मध्यावर नसतो, तो स्क्रूने फिरवला की काच काही मिमी वर किंवा खाली जाते. भिंतीकडची बाजू थोडी थोडी उचलत गेलो, तसतशी काचेची कड आणि भिंतीची पट्टी समांतर आली आणि खालच्या कोपऱ्यातली फट मिटली. रबरी सील पट्टी अजून लावलीच नव्हती, तरी तिथलं पाणी जवळपास थांबलं होतं.

मग सील पट्टी. ती काचेच्या जाडीप्रमाणे मिळते: ६ मिमीची पट्टी ८ मिमीच्या काचेवर बसत नाही, आणि ८ मिमीची ६ मिमीच्या काचेवर घातली तर सैल होऊन निघून येते. खालची उरलेली फट दार लावल्यानंतरच मोजायची, आधी नाही. पट्टीचा लवचीक ओठ खाली जेमतेम टेकून किंचित वाकला पाहिजे. फार लांब ओठ घेतला तर दार त्यावरच अडतं आणि चाकं पट्टीवरून उचलली जातात, म्हणजे खडखड परत. ओठाचा कल आतल्या बाजूला हवा, म्हणजे ओघळणारं पाणी आत पडतं. उलटी बसवलेली पट्टी पाणी नेमकं बाहेर काढून देते. कापताना धारदार ब्लेड वापरायचं, आणि खालच्या चाकापाशी अडत असेल तर तेवढीच खाच द्यायची. दोन काचांमधली उभी पट्टीही तेव्हाच बदलली, नाहीतर दुसरा डाग तसाच राहिला असता. सगळं झाल्यावर कागद पसरून तीच तपासणी पुन्हा केली, तेव्हा तो कोरडा राहिला.

राहिला काच न फुटण्याचा दावा. टफन काच मधल्या पृष्ठभागावर बराच मार सोसते, पण तिची कड आणि कोपरा नाजूक असतो. काढलेलं दार फरशीवर कोपऱ्यावर टेकलं की क्षणात त्याचे हजारो बारीक तुकडे होऊ शकतात. म्हणून जाड टॉवेलवर किंवा लाकडी फळीवर, पूर्ण कडेवर उभं करायचं, पायात चप्पल असू द्यायची आणि लहान मुलांना बाहेर काढायचं. कडेला टवका गेला असेल तर ते दार पुन्हा लावू नका. ती काच घासून किंवा नव्याने भोक पाडून वापरता येत नाही, कारण टफन झाल्यावर तिला कापता किंवा छिद्र पाडता येत नाही. तिथे नवी काच मापाने करून घ्यावीच लागते. वरची पट्टी वाकली असेल, तरीही चाकं बदलून भागत नाही. आणि पहिल्याच तपासणीत, दोन तांब्यांत, कागद भिजला तर दाराला हातच लावू नका. फरशीचा उतार बाहेर आहे, तिथे गवंडी लागेल.