एलसी आधी की बोनाफाईड आधी? माझ्या सात फेऱ्यांचा हिशोब

सात फेऱ्या झाल्या. गावापासून कॉलेज 38 किलोमीटर, एसटीने सव्वा तास लागतो, आणि खिडकीपाशी पोहोचल्यावर ऐकायचं काय, तर "भाऊसाहेब जेवायला गेलेत." दोन वाजता जेवायला गेलेला माणूस साडेतीनला येतो आणि चारला खिडकी बंद होते. त्या अर्ध्या तासात माझ्या पुढे बारा पोरं उभी असतात.

मी बी.एस्सी. झाले. सप्टेंबरमध्ये आयर्लंडला एम.एस्सी.ला जायचंय. तिथल्या विद्यापीठाने ऑफर देताना कागदांची यादी दिली, त्यात बोनाफाईड आणि मायग्रेशन दोन्ही होते. सगळीच परदेशी विद्यापीठं मायग्रेशन मागत नाहीत, पण माझ्या यादीत होतं, म्हणून मला ते लागणार. शेवटची तारीख 31 जुलै. मी 2 जुलैला प्राचार्यांच्या नावाने अर्ज दिला. विषयात स्पष्ट लिहिलं होतं : "परदेशातील प्रवेशासाठी बोनाफाईड प्रमाणपत्र मिळणेबाबत व मायग्रेशनकरिता शाळा सोडल्याचा दाखला मिळणेबाबत." खाली नाव, पीआरएन, अभ्यासक्रम, प्रवेशाचं वर्ष, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष. सोबत ऑफर लेटरची झेरॉक्स आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. अर्ज एका पानाचा होता. तो कोणी वाचलाच नाही, राग त्याचाच आहे.

भाऊसाहेबांनी फक्त विषय पाहिला आणि म्हणाले, "आधी एलसी काढ, मग बाकीचं बघू." मी नो ड्यूजच्या मागे लागले. ग्रंथालय, जिमखाना, वसतिगृह, सगळीकडून सह्या आणल्या. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये दुसऱ्या वर्षी फुटलेल्या ब्युरेटचे 85 रुपये बाकी निघाले, ते भरले, पावती जोडली. एलसी मिळाली. मग त्याच खिडकीवर बोनाफाईड मागितलं, तर तेच भाऊसाहेब म्हणाले, "आता कसलं बोनाफाईड? जनरल रजिस्टरमधून तुमचं नाव कमी झालं. तुम्ही आमच्या विद्यार्थिनी राहिल्या नाहीत."

अहो, एलसी आधी काढायला तुम्हीच सांगितलं होतं!

आता माझ्यासारख्या पुढच्या पोरांनी हे नीट समजून घ्या, कारण ऑफिसमधलं कोणीही सांगणार नाही. बोनाफाईड कॉलेज देतं. मायग्रेशन कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं, आणि आमच्या विद्यापीठात त्या अर्जासोबत मूळ एलसी जमा करावी लागते. म्हणजे क्रम असा : आधी बोनाफाईड, मग एलसी, मग मायग्रेशन. एलसी हातात पडली की कॉलेजच्या लेखी तुम्ही गेलात. आणि मूळ एलसी विद्यापीठात गेली की ती तुमच्याकडेही राहत नाही, म्हणून आधीच तिच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. डुप्लिकेट एलसी काढायची तर प्रतिज्ञापत्रापासून सुरुवात करावी लागते.

मी ऑफिसात भांडले. म्हटलं, भाऊसाहेब, मी आता विद्यार्थिनी आहे असं लिहू नका, होते असं लिहा. अमुक वर्षापासून तमुक वर्षापर्यंत या कॉलेजची नियमित विद्यार्थिनी होती, एवढं एक वाक्य. ते काही खोटं नाही, तुमच्याच रजिस्टरवरून लिहायचंय. त्यावर ते म्हणाले, "आमच्याकडे तसा फॉर्म नाही."

फॉर्म नाही हे खरं आहे. त्यांच्याकडे छापील पुस्तिका आहे, तिच्यात 'सदर विद्यार्थी या महाविद्यालयात ... वर्गात शिकत आहे' असं छापलेलं आणि खाली 'रेल्वे सवलत / शिष्यवृत्ती / बस पास यांसाठी' अशी ओळ. शेवटी पाचव्या फेरीला त्याच पुस्तिकेतला कागद माझ्या हातात दिला, मराठीतला. वर्गाच्या जागी 'टी.वाय. बी.एस्सी.', कारणाच्या जागी 'परदेश'. नुसतं 'परदेश'! तारीख नाही, जावक क्रमांक नाही, शिक्का अर्धा सहीवर, अर्धा कागदाबाहेर. पास होऊन बाहेर पडलेल्या मुलीबद्दल 'शिकत आहे' लिहिलेला मराठी कागद डब्लिनमधल्या माणसाला दाखवला तर तो काय समजणार? मी गुणपत्रिका दाखवणार उत्तीर्ण झाल्याची आणि कॉलेज म्हणणार, अजून शिकतेय. खोट्या कागदाचा संशय माझ्यावर येईल, भाऊसाहेबांवर नाही.

आणि नाव! आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, बाकीचं नाव दुसऱ्या रकान्यात. माझ्या अर्जात मी दोन्ही लिहून दिलं होतं आणि विनंती केली होती की नाव पासपोर्टप्रमाणे घ्या, म्हणजे तिकडे जुळेल. त्यासाठीच पासपोर्टची झेरॉक्स जोडली होती. बोनाफाईडवर वडिलांच्या नावातलं एक अक्षर गाळलं. एलसीवर ते बरोबर आहे. म्हणजे एकाच ऑफिसने, आठ दिवसांच्या अंतराने, माझ्या वडिलांची दोन नावं केली.

सहाव्या फेरीला मी घरून मजकूर टाइप करून नेला, इंग्रजीत. नाव, पीआरएन, अभ्यासक्रम, कोणत्या महिन्यात प्रवेश, कोणत्या महिन्यात शेवटची परीक्षा, माध्यम इंग्रजी, कारण 'परदेशातील उच्च शिक्षण'. म्हटलं, लेटरहेडवर फक्त हा छापा, प्राचार्यांची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक आणि तारीख. दहा मिनिटांचं काम. तर म्हणाले, "बाहेरचा मजकूर आम्ही घेत नाही." तुमचा मजकूर चुकीचा, माझा बाहेरचा. मग मी काय करू?

आणखी एक गोष्ट सांगते, ही चूक माझीही झाली. पहिल्या अर्जाची पोच मी घेतली नव्हती. "राहू दे, मिळेल" म्हणाले आणि मी विश्वास ठेवला. चौथ्या फेरीला तो अर्ज सापडतच नव्हता. दुसरा अर्ज दोन प्रतींत नेला, माझ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. मागून ओरडा झाला, झाला तर झाला. त्या शिक्क्यानंतरच त्यांना अर्ज वाचावासा वाटला.

ऑफिसमध्ये माणसं कमी आहेत, हे मला दिसतं. तीन टेबलं रिकामी असतात, एकाच माणसावर परीक्षा विभाग आणि शिष्यवृत्ती दोन्ही. पण त्याची शिक्षा मला का? माझे वडील प्रत्येक फेरीला विचारतात, "मिळालं का?" आणि मी मान हलवते. त्यांनी बँकेत शेतीची कागदपत्रं ठेवून कर्जाचा अर्ज केलाय. बँकेलाही तेच बोनाफाईड हवंय.

आज सातव्या फेरीला प्राचार्य स्वतः भेटले, कारण मी त्यांच्या दारात बसून राहिले. त्यांनी मजकूर वाचला, म्हणाले, "यात चुकीचं काय आहे? द्या करून." दोन मिनिटं लागली. सही उद्या मिळणार, कारण शिक्का ज्यांच्या कपाटात आहे ते अर्ध्या दिवसाच्या रजेवर गेले होते. मायग्रेशनचा अर्ज विद्यापीठात पडलाय, एलसीसकट. 31 तारखेला नऊ दिवस उरलेत. उद्या सकाळी साडेसातची एसटी.